लाल-पांढरी केबल लावूनही जुन्या होम थिएटरमधून टीव्हीचा आवाज येत नाही तेव्हा

प्रश्न: काका, नवीन ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतलाय. घरात बाबांचा जुना डीव्हीडीवाला ५.१ होम थिएटर आहे, चांगला वाजतो. टीव्हीच्या मागे लाल-पांढरी-पिवळी भोकं आहेत म्हणून लाल-पांढरी केबल आणली, एक टोक टीव्हीला दुसरं होम थिएटरला, तर आवाजच नाही. केबल बदलून पाहिली तरी तेच. दुकानदार म्हणतो होम थिएटर गेला, फेकून साउंडबार घ्या. खरंच गेलाय का? (रामबाग, इंदूर)

उत्तर:

फेकू नका. मी पण इंदूरचाच, सत्तावीस वर्षं हेच टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर रिपेअरिंगचं काम करतोय, आणि अशी केस महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. दहापैकी नऊ वेळा होम थिएटर ठणठणीत असतो, केबलही चांगली असते, चूक फक्त दिशेची असते. तुमच्या टीव्हीच्या मागे जी लाल-पांढरी-पिवळी भोकं आहेत ती आवाज बाहेर द्यायची नाहीत, आत घ्यायची आहेत. जुना डीव्हीडी प्लेअर नाहीतर सेट टॉप बॉक्स टीव्हीला जोडायचा असेल तर त्यासाठी. बाजूला बारीक अक्षरात 'एव्ही इन' छापलेलं असतं, पण टीव्ही भिंतीला टांगल्यावर ते वाचणार कोण! आणि तुमच्या होम थिएटरवर पण जे भोक आहे ते 'इन'. म्हणजे दोन्हीकडे ऐकणारे बसलेत, बोलणारा कोणीच नाही, मग केबल सोन्याची आणली तरी आवाज कुठून येणार.

जुन्या डब्बा टीव्हीवर 'एव्ही आउट' असायचं म्हणून आपल्या लोकांच्या डोक्यात ते बसलंय की टीव्हीच्या लाल-पांढऱ्यातून आवाज निघतो. आताच्या बहुतेक टीव्हीत ते बंद झालंय. आवाज बाहेर काढायला आता साधारण तीन वाटा असतात, हेडफोनचं भोक, ऑप्टिकल, आणि एचडीएमआय एआरसी, म्हणजे ज्या एचडीएमआय भोकातून टीव्हीचा आवाज उलटा बाहेरही येतो ते. यातली कुठली तुमच्याकडे आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून आधी मोबाईलचा टॉर्च लावून टीव्हीची मागची बाजू नीट बघा.

पण त्याच्याही आधी पाच मिनिटं होम थिएटरला द्या, म्हणजे दुकानदाराचा निकाल लागून जाईल. त्याच्या मागे 'ऑक्स इन' किंवा 'ऑडिओ इन' लिहिलेलं लाल-पांढरं शोधा. इथे दोन फसवणुकी असतात. एक म्हणजे बऱ्याच डीव्हीडीवाल्यांवर 'ऑडिओ आउट' पण लाल-पांढरंच असतं, शेजारी शेजारी. आणि दुसरी जास्त वाईट, काही स्वस्त ५.१ सेटमध्ये स्पीकरच्या वायरी सुद्धा याच गोल पिनेच्या असतात, तिथे 'एफएल', 'एफआर' किंवा नुसतं 'स्पीकर' लिहिलेलं असतं. ते अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट आहे, त्यात टीव्हीची वायर घुसवलीत तर टीव्हीकडचं सर्किट जळू शकतं. म्हणून ज्या भोकाजवळ 'इन' हा शब्द वाचता येत नाही तिथे काही लावायचं नाही. व्हिडिओची लाल-हिरवी-निळी तीन भोकं पण असतात काहींवर, त्यातल्या लालचा आवाजाशी काही संबंध नाही.

आता होम थिएटर चालू करा, रिमोटवर 'सोर्स' किंवा 'फंक्शन' दाबत दाबत 'ऑक्स' वर आणा (हे प्रकरण चालू केल्यावर दरवेळी परत डीव्हीडीवर जातात, अर्ध्या तक्रारी इथेच संपतात), आवाज अगदी कमी ठेवा, केबलचं एक टोक 'ऑक्स इन' मध्ये लावा आणि दुसऱ्या सुट्या टोकाच्या मधल्या पिनेला बोट टेकवा. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज आला की समजायचं इनपुट जिवंत आहे, तुमचं शरीर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची भनभन गोळा करतं आणि तीच ऐकू येते. लाल आणि पांढरं दोन्हींना वेगवेगळं करून बघा. एकच वाजलं तर न वाजणाऱ्या भोकावर जंग बसलाय, पंधरा-वीस वर्षं उघडं राहिलेलं असतं ते, तर होम थिएटर बंद करून प्लग आत घालून दहा-बारा वेळा गोल फिरवा, नाही झालं तर कापसाला थोडं आयसोप्रोपाईल अल्कोहोल लावून पुसा. माझ्याकडे 'एक साइड डेड' म्हणून आलेले निम्मे तरी सेट एवढ्यानेच बोलायला लागतात, लोक त्याचे पैसे द्यायला बघतात आणि मला घेताना लाज वाटते.

बोट लावून घूं आलं तर आता टीव्हीकडे या.

हेडफोनचं भोक असेल तर काम सगळ्यात स्वस्तात होतं. एका बाजूला ३.५ एमएमची पिन आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी केबल मिळते, आपल्या महाराणी रोडवर कुठल्याही दुकानात. पण घेताना पिन बघा. पिनेवर काळ्या दोन रेघा असतील तर ती बरोबर आहे, तीन रेघा असतील तर ती कॅमेऱ्याची पिवळ्यासकटची केबल आहे आणि तिच्यात आतली जोडणी वेगळी असते. दिसायला दोघी सारख्याच, दुकानदार पण बिनधास्त देतो, म्हणतो "ले जाओ भिया, सब में चलती है". ती लावली की काय होतं ते ऐकण्यासारखं आहे, म्युझिक येतं, टाळ्या येतात, पण बोलणारा माणूस कुठेतरी विहिरीत बसल्यासारखा, नाहीतर गायबच. कारण पिनेचा ग्राउंड नीट जुळत नाही, मग अ‍ॅम्प्लिफायरला डाव्या आणि उजव्या बाजूतला फक्त फरक ऐकू येतो, आणि डायलॉग तर दोन्ही बाजूंना सारखाच असतो त्यामुळे तो फरकात उरतच नाही. हीच गत पिन अर्धवट आत गेली तरी होते. म्हणून कोणी मला फोनवर सांगितलं ना की "गाणं येतंय पण गाणारा येत नाहीये", की मी न बघता सांगतो केबल बघा.

अजून एक, पातळ टीव्हीत 'एव्ही इन' सुद्धा कधीकधी त्याच ३.५ एमएमच्या भोकातून देतात. हेडफोनचं चिन्ह असेल तरच ते हेडफोनचं. आणि हेडफोनवाटे जोडलंत तर टीव्हीचा आवाज साधारण ७०-८० टक्क्यांवर ठेवून विसरून जायचं, कमीजास्त होम थिएटरच्या रिमोटने करायचं. टीव्ही १० वर ठेवून होम थिएटर फुल केलं की सिग्नलपेक्षा सूं-सूं जास्त मोठी होते.

पण आताच्या ४३ इंचीत हेडफोनचं भोक नसतंच बऱ्याचदा. तुम्ही लिहिलं नाही म्हणून मी धरून चालतो की तुमच्याकडे ऑप्टिकल आहे. छोटंसं चौकोनी भोक, वर झाकण किंवा झडप, टीव्ही चालू असताना आत लाल उजेड दिसतो. तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली ही वाट अजून टीव्हीवर टिकून आहे याचं मला नेहमी कौतुक वाटतं. तिच्यातून आवाज उजेडाच्या रूपात, आकड्यांत येतो, आणि तुमच्या लाल-पांढऱ्याला पाहिजे विजेच्या लाटा. म्हणून मध्ये एक भाषांतर करणारी डबी लागते, तिला डॅक म्हणतात, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरं, आणि ५ व्होल्टचा पॉवर. मी लावतो ती पाच-सहाशेला पडते. नुसती 'ऑप्टिकल ते लाल-पांढरी केबल' असं कोणी विकत असेल तर घेऊ नका, डबीशिवाय आणि पॉवरशिवाय हे होऊच शकत नाही.

मागच्या दिवाळीत लोकमान्य नगरात एका रिटायर्ड सरांकडे गेलो होतो, त्यांची केस सांगतो म्हणजे तुमचं बरंचसं येऊन जाईल. मुलाने बाहेरगावाहून टीव्ही पाठवला, डॅक पण मागवून दिला, सरांनी स्वतः लावला, आणि आवाज नाही. मी गेलो, पहिल्यांदा ऑप्टिकल केबलचं टोक काढलं तर त्यावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी तशीच. ती बारीक असते, नव्या केबलवर असतेच, आणि ती घालूनच केबल दाबली तर नीट बसतही नाही. टोप्या काढल्या, केबल टीव्हीला लावली, दुसरं टोक तळहातासमोर धरलं, लाल ठिपका आला. म्हणजे टीव्ही उजेड सोडतोय. डॅकमध्ये लावली, खट् असा बारीक आवाज आला म्हणजे बसली.

तरी नाही! मग टीव्हीच्या मेनूत गेलो. `Sound Output` मध्ये टीव्हीचाच स्पीकर निवडलेला होता, तो बदलून `Optical` केला. तर केबलवाल्याच्या चॅनलवर आवाज आला, सर खूश, मी पाणी प्यायलो, तेवढ्यात सरांनी मोबाईल अ‍ॅपवरचा एक पिक्चर टीव्हीवर लावला आणि आवाज परत गेला. नुसती टकटक-खरखर. सर म्हणाले, "अहो हा डॅकच डुप्लिकेट दिसतोय." डॅक डुप्लिकेट नव्हता. झालं असं की ऑप्टिकलमधून टीव्ही दोन प्रकारे आवाज पाठवू शकतो, एक साधा मोकळा दोन चॅनलचा, त्याला पीसीएम म्हणतात, आणि दुसरा डॉल्बीचा, दाबून गुंडाळलेला गठ्ठा. तो गठ्ठा सोडायचं काम महागड्या रिसिव्हरचं, आपल्या पाचशेच्या डबीला ते येत नाही, तिला फक्त मोकळाच वाचता येतो. बातम्यांचं चॅनल साधं येत होतं म्हणून वाजलं, पिक्चर डॉल्बीत होता म्हणून गठ्ठा आला. टीव्हीचं सेटिंग `Auto` वर होतं, म्हणजे जे येईल ते पुढे ढकल. `Digital Output` की काहीसं नाव असतं, कंपनीगणिक वेगळं, तिथे `Auto`, `Bitstream` किंवा `Dolby Digital` असेल ते काढून `PCM` करायचं. केलं आणि सगळीकडचा आवाज सुरू. सेट टॉप बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत पण असंच सेटिंग असतं, एखाद्या चॅनलवरच आवाज जात असेल तर तिथे पण बघायचं.

म्हणजे लक्षात ठेवायची खूण अशी की काही गोष्टींवर आवाज येतो आणि काहींवर येत नाही, तर वायर बदलत बसायचं नाही, ते पीसीएमचं काम आहे. कुठेच येत नाही, तर उजेड, टोपी, `Sound Output` आणि होम थिएटरचं 'ऑक्स', या क्रमाने बघायचं.

सरांकडे अजून एक गोष्ट राहिली होती. आवाज तर आला पण मागे सारखी हूंऽऽ अशी गुणगुण, शांत सीनमध्ये जास्त जाणवायची. त्यांनी डॅकचा पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून घेतला होता. सगळे असंच करतात, सोयीचं आहे, टीव्हीबरोबर चालू-बंद होतो. पण ऑप्टिकलचा मोठा फायदाच हा की टीव्ही आणि होम थिएटरमध्ये तांब्याची तार लागत नाही, काचेसारख्या धाग्यातून नुसता उजेड जातो. यूएसबीची वायर लावली की ती तार मागच्या दाराने परत आली. सेट टॉप बॉक्सला केबलवाल्याची जाडी गोल वायर, कोएक्स, येते, तिची जाळी बाहेरच्या लाईनशी जोडलेली, बॉक्स एचडीएमआयने टीव्हीशी, टीव्ही यूएसबीने डॅकशी, डॅक लाल-पांढऱ्याने होम थिएटरशी, आणि होम थिएटर तीन पिनेच्या प्लगने घरच्या अर्थिंगशी. पूर्ण एक फेरा झाला, त्यात थोडासा करंट फिरतो आणि स्पीकरमध्ये हूं म्हणून वाजतो. मी सरांना समोरच दाखवलं, केबलवाल्याची वायर बॉक्समधून काढली, हूं गायब, लावली, हूं परत. मग वायर जागेवर लावून डॅक एका जुन्या मोबाईल चार्जरवर टाकला, हूं गेली ती गेलीच. एक अँपिअरचा चार्जर भरपूर होतो. फक्त अगदीच हलका फुटपाथवरचा चार्जर नको, तो स्वतःची चीं-चीं टाकतो.

हेडफोनच्या भोकातून जोडलेल्यांना हीच हूं आली तर उजेडाची वाट नसते, त्यांच्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी येते, आत दोन ट्रान्सफॉर्मर असतात, ती लाल-पांढऱ्याच्या मध्ये बसवायची. आणि कोणी अर्थिंगची जाडी पिन कापायला सांगितली तर त्याला घराबाहेर काढा, हूं जाईल पण लोखंडी बॉडीला करंट आला तर तो जायला वाट उरणार नाही.

आता पाच स्पीकरचं. तुम्ही ५.१ लिहिलंय म्हणून आधीच सांगतो, दोन वायरींतून दोनच चॅनल येतात, लालमध्ये उजवा, पांढऱ्यात डावा. खरा पाच बाजूंचा आवाज यातून मिळणार नाही, डॉल्बी पिक्चर लावला तरी टीव्ही तो दोनात उतरवूनच देणार. पण तुमच्या होम थिएटरच्या रिमोटवर 'प्रो लॉजिक' किंवा 'सराउंड' असं बटण असेल तर ते दोनातून मधला आणि मागचे स्पीकर बनवून देतं, डायलॉग मधल्यात ओढतं. बातम्या-सिरियलला मला तर तेच आवडतं, गाण्यांना मी स्टिरिओ ठेवतो. काही सेटमध्ये मागे सहा भोकांचं '५.१ इन' असतं, त्यातल्या पहिल्या दोनात लाल-पांढरं लावलं तर समोरचे दोनच वाजतात आणि सबवूफर पण मुका राहतो, मग लोक म्हणतात बास गेला. 'ऑक्स' मध्ये लावा, बास येईल.

आवाज ओठांच्या आधी आला तर समजायचं टीव्ही चित्रावर जास्त प्रक्रिया करतोय, अ‍ॅनालॉग होम थिएटर आणि डॅक मिळून काही जाणवण्यासारखा उशीर करत नाहीत. चित्राच्या मेनूतलं `Game Mode` लावलं तर चित्र लवकर येतं, किंवा टीव्हीत ऑडिओ डिले असेल तर तो थोडा थोडा वाढवत बघा. आणि ऑप्टिकलने जोडल्यावर बऱ्याच टीव्हीत टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, ते बिघडलेलं नसतं, होम थिएटरचा रिमोट जपून ठेवा एवढंच. सरांच्या घरी त्या रिमोटवरून रोज भांडण होतं म्हणे.

टीव्हीला ऑप्टिकल पण नसेल, फक्त एचडीएमआयच असेल, तर ज्या पोर्टवर 'एआरसी' लिहिलंय तिथे लावायचा एआरसी डॅक येतो. घेताना डबीवर एआरसी शब्द बघूनच घ्या. दिसायला तशीच एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची दुसरी डबी असते, ती फक्त बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये बसते, तिच्यातून बॉक्सचा आवाज निघेल पण टीव्हीतल्या अ‍ॅपचा निघणार नाही. एआरसीला टीव्हीच्या मेनूत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या वस्तूंनी एकमेकांशी बोलायची सोय, चालू करावी लागते, आणि पीसीएमचं सेटिंग इथेही तेच.

तर उद्या आधी बोटाची टेस्ट करा, टीव्हीच्या मागचे दोन-तीन फोटो टाका, भोकांजवळची अक्षरं वाचता येतील असे, आणि होम थिएटरच्या मागचा पण एक. डबी विकत घ्यायच्या आधी सांगतो कुठली लागेल ते.